चौकशी चालू असताना लेकीला कोण सांभाळणार?



गेल्या फेब्रुवारीतल्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई बचतीचा हप्ता देऊन तशीच गप्प बसून राहिली. एरवी हिशेबाच्या वहीवर आमच्याशी भांडणारी बाई, त्या दिवशी चहासुद्धा घेईना. बैठक उठल्यावर तिने लेकीचा फोन आमच्यापुढे धरला. कॉलेजच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा मुलांची नावं टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, की यांच्या प्रकल्पात एआयचा वापर आढळला आहे, पालकांना घेऊन भेटावं. लेकीच्या नावापुढे ८६ टक्के असा आकडा होता. ताईने आम्हाला एवढंच विचारलं, "हिनं चोरी केली म्हणायची का?"

मायलेकींच्या परवानगीने हे सांगतो आहोत. नाव, गाव आणि कॉलेज सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते या आकड्याबद्दल. पण त्याहून जास्त बोलायचं आहे ते आळ आल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांबद्दल. पोरं खचतात ती त्याच दिवसांत, आणि कॉलेजला नीट वागायची संधी असते तीही त्याच दिवसांत.

आधी हा प्रकल्प काय होता ते सांगतो. पोरगी बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. द्राक्षबागेत विरळणी आणि छाटणी करणाऱ्या बायकांची मजुरी हा तिचा विषय. त्यासाठी ती आमच्याच गटात आली होती, दोन बैठकांना बसली होती. रोजाने किती मिळतात, उक्तं घेतलं तर किती, टोळीचे पैसे कसे वाटून घेता, सगळं तिने दोनशे पानी वहीत लिहून घेतलं होतं. आमच्यातल्या पंचवीस जणींची उत्तरं त्या वहीत आहेत. मग तिने प्रकल्प मराठीत लिहिला. तो इंग्रजीत द्यायचा होता, म्हणून फोनवरच्या एआयकडून एकेक परिच्छेद इंग्रजीत करून घेतला. तसं करायला बंदी आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि चालेल असंही कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे तिने एआय वापरलाच नाही असं नाही. पण काम तिचं होतं, आणि त्याला आम्ही पंचवीस जणी साक्षीदार होतो. तो ८६ टक्क्यांचा आकडा मात्र यातलं काहीच सांगत नव्हता.

आता हा आकडा कुठून येतो ते समजून घेऊ. कॉलेजात दोन प्रकारची तपासणी होते आणि त्या दोन्हींची लोक गल्लत करतात. पहिली नकलेची. त्यात संगणक तुमचा मजकूर पुस्तकांशी आणि इंटरनेटवरच्या लेखांशी ताडून बघतो, आणि हे वाक्य अमक्या ठिकाणचं आहे असं मूळ समोर ठेवतो. खरं का खोटं ते कुणीही डोळ्यांनी बघू शकतं. दुसरी तपासणी एआयची. तिच्यात मूळ असं काही नसतंच. एका शब्दानंतर दुसरा शब्द किती अपेक्षेप्रमाणे आला आहे, वाक्यं किती एकसारखी आहेत, यावरून संगणक अंदाज बांधतो आणि टक्के सांगतो. ते टक्के म्हणजे संशय. पुरावा नव्हे.

आणि हा संशय कुणावर जास्त येतो? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली हे तपासून पाहिलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी अशा सात तपासनीस प्रणालींना दिले. निबंध माणसांनीच लिहिलेले होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. कारण सोपं आहे. शिकलेली इंग्रजी लिहिणारा माणूस साधे, ठरावीक शब्द आणि सरळ वाक्यं वापरतो, आणि संगणकाला नेमका त्याचाच संशय येतो. मराठी शाळेतून आलेल्या आपल्या पोरी असंच इंग्रजी लिहितात.

दुसरं उदाहरण, आपण बायका समजू अशा हिशेबाचं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने २०२३ च्या जानेवारीत स्वतःच एक तपासनीस काढला. कंपनीने सांगितलेले आकडे असे, की एआयने लिहिलेल्या १०० मजकुरांपैकी २६ तो पकडतो, आणि माणसाने लिहिलेल्या १०० पैकी ९ वर चुकून बोट ठेवतो. आता समजा, कॉलेजात १०० प्रकल्प आले. त्यातले २० एआयने लिहिलेले, ८० पोरांनी स्वतः लिहिलेले. वीसपैकी साधारण ५ पकडले जातील. ऐंशीपैकी साधारण ७ जणांवर खोटा आळ येईल. यादीत नावं झाली १२, त्यातली ७ निर्दोष. खडे काढायला चाळण घ्यावी आणि चाळणीत खड्यांपेक्षा दाणेच जास्त अडकावेत, तशी गत. कंपनीने त्याच वर्षी जुलैत ही चाळण बंद केली.

आताच्या प्रणाली याहून चांगल्या आहेत, चूक शंभरात एकाहूनही कमी होते, असा कंपन्यांचा दावा असतो. तो खरा धरला तरी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काय हिशेब केला पाहा. त्यांच्याकडे २०२२ मध्ये ७५,००० निबंध तपासणीला गेले होते. शंभरात एक चूक धरली तरी ७५० निबंधांवर चुकीचा ठपका बसला असता. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये एआयची तपासणी बंद केली.

आता मुलांच्या मनाचं बोलू. खरं वागलेल्या मुलावर आळ येतो तेव्हा त्याच्यापुढे एक विचित्र कोडं पडतं. "मी केलं नाही" हे सिद्ध कसं करायचं? पाकीट मारलं नाही म्हणून खिसे उलटे करून दाखवता येतात. पण वाक्य आपल्याच डोक्यातून आलं हे कशातून काढून दाखवणार? मग पोरं रात्र रात्र तोच प्रकल्प पुन्हा पुन्हा वाचतात, आणि आपलंच लिहिणं त्यांना परकं वाटायला लागतं. आमच्या ताईची लेक आठ दिवस नीट जेवली नाही. मैत्रिणींचे फोन घेईना. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. "माझ्यामुळे धाकटीचंही शिक्षण बंद होईल," असं ती म्हणायला लागली. आणि घरात खरोखरच एक काका म्हणाले, की परीक्षेचं राहू द्या, स्थळ बघा.

त्या वेळी ताई लेकीला रोज एकच प्रश्न विचारत होती, "खरं सांग, केलंस का नाही?" तिचा हेतू वाईट नव्हता. पण कॉलेज एकदा विचारतं आणि आई दिवसातून दहादा, असं झालं की मुलीला वाटतं घरातही आपला खटला चालू आहे. आम्ही ताईला म्हटलं, एकदाच विचारा, पूर्ण ऐकून घ्या, मग तो प्रश्न बंद. त्यानंतर प्रश्न विचारायचा तो "आज जेवलीस का, झोप लागली का" एवढाच.

काही खुणा मात्र गंभीरपणे घ्यायच्या. झोप उडणं, अन्न न जाणं, सगळ्यांना टाळणं हे दोन आठवडे चाललं, किंवा मुलगी आपल्या वस्तू वाटायला लागली, "मी नसले तर बरं" असं बोलली, तर थांबायचं नाही. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलीला बोलायला वाट मिळते. तिला एकटीला सोडायचं नाही आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवायची. द्राक्षाच्या पट्ट्यात हे घरोघरी सांगायला हवं. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घाबरलेल्या आईनेही करावा.

पण सगळा भार आईने का उचलायचा? चौकशी ज्याने लावली, त्याचीही जबाबदारी आहे. चौकशी कशी असू नये हे ऑस्ट्रेलियातल्या एका उदाहरणावरून कळतं. ऑस्ट्रेलियन कॅथलिक विद्यापीठात २०२४ या एका वर्षात गैरप्रकाराची जवळपास ६,००० प्रकरणं नोंदली गेली, त्यातली नव्वद टक्के एआयच्या वापराची. साधारण चौथा हिस्सा चौकशीनंतर निकाली काढावा लागला, म्हणजे दोष सिद्ध झाला नाही. तिथे मुलांनाच सांगितलं जायचं, की तुमची हाती लिहिलेली टिपणं आणा, इंटरनेटवर काय काय शोधलंत ते दाखवा. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला निर्दोष ठरायला सहा महिने लागले. ती तेव्हा नोकरीसाठी अर्ज करत होती, आणि तिच्या गुणपत्रकावर "निकाल राखीव" असं छापलेलं होतं. शेवटी ती सुटली. पण सहा महिने तिने शिक्षा भोगलीच. विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये ती तपासणी प्रणाली बंद केली.

आपल्या देशातही एक प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. हरियाणात सोनिपतला जिंदल विद्यापीठ आहे. तिथे कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याची उत्तरं ८८ टक्के एआयची आहेत असं ठरवून जून २०२४ मध्ये समितीने त्याला नापास केलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं असं, की उत्तरं माझीच आहेत, एआय वापरू नये असा स्पष्ट नियम दाखवा, आणि पुरावा दाखवा. नोव्हेंबरात न्यायालयाने विद्यापीठाला नोटीस काढली. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवलं आणि याचिका तिथेच मिटली. त्यामुळे कोण बरोबर याचा निवाडा न्यायालयाला करावाच लागला नाही. पण मैत्रिणींनो, तो विद्यार्थी स्वतः वकील होता. आपल्या पोरींना चंदीगड सोडा, प्राचार्यांच्या दारापर्यंत जाताना घाम फुटतो. म्हणून कॉलेजनेच चौकशी नीट करायला हवी.

नीट म्हणजे कशी? पहिली गोष्ट, कळवणं. आळ ग्रुपवर टाकायचा नाही. मुलीला एकटीला, लेखी कळवायचं, की कोणत्या प्रकल्पातल्या कोणत्या भागाबद्दल शंका आहे, कोणता नियम मोडला असं वाटतं आणि नुसत्या आकड्याशिवाय दुसरं काय आधाराला आहे. नियमच लिहिलेला नसेल तर कॉलेजने ते आधी मान्य करावं. भाषांतराला चालतं का, व्याकरण सुधारायला चालतं का, हे वर्षाच्या सुरुवातीला सांगायचं असतं.

दुसरी गोष्ट, ऐकून घेणं. मुलीला तयारीला आठवडाभर द्यावा. सोबत पालक किंवा विश्वासातलं माणूस बसू द्यावं, आणि तिला मराठीत बोलू द्यावं. सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे तिच्याच प्रकल्पावर पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारणं. पण मुलगी घाबरलेली असते हे धरून चालायला हवं. अडखळली म्हणजे खोटी, असं नाही. हवं तर प्रश्न आधी लिहून द्यावेत.

तिसरी गोष्ट, मुदत. चौकशी कधी संपेल ती तारीख पहिल्याच पत्रात लिहावी, आणि तोवर वर्ग, परीक्षा, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा अर्ज यातलं काहीही अडवू नये. तारीख नसलेली वाट पाहणं माणसाला सगळ्यात जास्त पोखरतं.

चौथी गोष्ट, आधार देणारं माणूस वेगळं हवं. चौकशी करणाऱ्या सरांनीच "काळजी करू नकोस" म्हणून उपयोग नसतो, कारण त्यांच्यापुढे मुलगी मोकळी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं आहे, की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी जोडणी करायची आहे. हेल्पलाइनचे क्रमांकही दिसतील असे लावायचे आहेत. आळाचं पत्र देताना या माणसाचं नाव आणि भेटीची वेळ त्याच पत्रात द्यावी. आणि मुलगी त्याच्याशी जे बोलेल ते चौकशीच्या कागदात येऊ नये.

आणि मुलीने खरंच सगळं एआयकडून लिहून घेतलं असेल तर? तर ते चूकच आहे, ते झाकायचं आम्ही सांगत नाही. पण शिक्षा चुकीच्या मापाची हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नकलेबद्दलचे २०१८ चे नियम प्रबंधांसाठी आहेत. त्यातही दहा ते चाळीस टक्के साम्य आढळलं तर ठरलेल्या मुदतीत पुन्हा लिहून द्या, असं आहे. आरोपाचा निर्णय नैसर्गिक न्यायाने, म्हणजे दुसरी बाजू ऐकून करावा, असंही त्यात आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ते टक्के नकलेचे आहेत. एआयच्या तपासणीतले टक्के उचलून त्या नियमाला चिकटवले, तर ती शुद्ध गल्लत आहे. कुणी तसं केलं तर तिथेच हरकत घ्या.

कॉलेजने ऐकलंच नाही तर दार आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे संस्थांमध्ये विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात अध्यक्ष किंवा सदस्य म्हणून किमान एक बाई असते. तक्रार आल्यापासून शक्यतो कामाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत मुलीला द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाने ३० दिवसांत प्रकरण मिटवायचा प्रयत्न करायचा असतो.

आमच्या ताईच्या लेकीचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही तिच्याबरोबर बसून एक पानी अर्ज लिहिला. आरडाओरडा नाही, विनवणीही नाही. चार ओळींत घडलेलं, मग मागण्या: शंकेचा भाग दाखवा, नियम दाखवा, मला मराठीत बोलू द्या, परीक्षा अडवू नका, निकालाची तारीख सांगा. भाषांतराला फोन वापरला हे तिने अर्जातच लिहिलं. ते लपवलं असतं तर पुढे सगळंच खोटं वाटलं असतं. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, मराठी मसुदा आणि फोनमधल्या मसुद्याच्या तारखा जोडल्या. अर्जाची पोच घेतली.

सुनावणीला ताई आणि आमच्यातली एक जण गेलो. मॅडमनी विचारलं, रोजापेक्षा उक्त्यात जास्त सुटतात, मग काही बायका रोजच का धरतात? पोरगी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, उक्त्यात अंधार पडेस्तोवर थांबावं लागतं. जिचं पोर अंगावर पितं, तिला पाचला घरी जावं लागतं." पुढे वीस मिनिटं ती बोलत राहिली. निर्णय झाला तो असा: काम तिचंच आहे, भाषांतर कसं केलं ते प्रकल्पाच्या सुरुवातीला लिहून द्यावं, आणि एक प्रकरण स्वतःच्या इंग्रजीत पुन्हा लिहावं. आळ आल्यापासून निर्णयापर्यंत पाच आठवडे गेले. ग्रुपवर नाव टाकलं होतं, पण नाव निघालं हे मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही. आम्ही ते लेखी मागितलं. पत्र मिळालं, ताईने ते हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलं आहे.

तुमच्या घरी शिकणारी मुलगी असेल तर आज तिला एवढंच सांगा, की कच्च्या वह्या रद्दीत घालू नकोस, आणि प्रत्येक मसुदा तारीख टाकून वेगळा जपून ठेव. आणि गटात एखादी ताई हप्ता देऊन गप्प बसलेली दिसली, तर बैठक उठल्यावर तिच्याजवळ थांबा.

नमस्कार.